गोणपाटामागची फट

सासूबाईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझं नाव विचारायच्या आधी माझं मनगट मागितलं. मी त्या दिवशी मुद्दाम आमच्या कंपनीचं नवं परफ्यूम लावून गेले होते. मी अत्तरं बनवणाऱ्या कंपनीत वास तपासायच्या टेबलावर काम करते, आणि मुलाची आई पॅचुलीचा, म्हणजे अत्तरात वापरतात त्या सुगंधी झुडपाचा, पाला वाळवते हे मला माहीत होतं. म्हटलं, पॅचुलीचं परफ्यूम लावून गेलं की बाई खूश होतील. बाईंनी मनगट नाकाशी नेलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "हे काय लावलंयस?"

"पॅचुली आहे यात," मी म्हटलं.

"ही? ही तर बेकरी आहे," त्या म्हणाल्या. "बिस्किटं भाजतायत कुठेतरी. पॅचुली कुठाय?"

माझं डोकं एका क्षणात तापलं. मी सरळ ऐकवलं की यात चांगली भरपूर पॅचुली आहे, मी स्वतः मोजून घातली आहे, आणि ती तुमच्याच गावच्या भट्टीतून आलेली आहे. शेजारी बसलेल्या मुलाचा, म्हणजे आता जो माझा नवरा आहे त्याचा, चेहरा पांढराफटक पडला. सासूबाई मात्र मिटक्या मारल्यासारख्या हसल्या आणि त्याला म्हणाल्या, "हिला तोंड आहे. चालेल." लग्न ठरलं ते असं. पण परफ्यूमचा वाद काही मिटला नाही. पुढे कितीतरी वर्षं मी घरात शिरले की त्या म्हणायच्या, "आली बेकरी."

सासूबाईंबद्दल लिहायचं तर शेडपासूनच सुरुवात करायला हवी, कारण घरात त्या फक्त जेवायला आणि झोपायला येतात. नदीच्या बाजूला एक लांबलचक शेड आहे, छपराखाली बांबूच्या मांडण्या, आणि तिच्या टोकाला पाल्याचं तेल काढायची भट्टी. भट्टी ज्यांची, ते भट्टीवाले काका. शेतातून कापून आलेला हिरवा पाला सासूबाईंच्या ताब्यात येतो आणि वाळलेला पाला काकांच्या. मधलं सगळं राज्य बाईंचं. तिथल्या बायका त्यांना 'पालट काकू' म्हणतात, कारण दिवसभर त्यांच्या तोंडी एकच शब्द असतो. "पालट. ए, ती कडेची पालट. बोलतेस काय, पालट."

लग्नानंतर सुरुवातीला मी सुट्टीत तिथे जायची तेव्हा हे सगळं मला उगाच वाटायचं. पानं वाळवायची त्यात एवढं काय? एकदा त्यांनी मला हिरवं पान चुरगळून हुंगायला दिलं. वास होता, पण गवतासारखा, पातळ. मग वाळलेलं पान दिलं, तेव्हा मी मागे सरकले. त्या म्हणाल्या, "तेल पानाच्या आत कोंडलेलं असतं. पान जिवंत आहे तोवर ते धरून ठेवतं. त्याला आधी दमवायचं, मग सोडतं."

दमवण्याची त्यांची रीत अशी. पाला मांडण्यांवर पातळ पसरायचा, सावलीत, कारण ऊन लागलं की पान कुरकुरीत होतं आणि तेल उडून जातं. सारखा पालटायचा. पान मऊ पडलं, लोंबायला लागलं, पण मोडत नाही, अशा वेळी तो गोळा करून ढीग लावायचा आणि वर गोणपाट घालायचं. मग ढीग आतून गरम होतो. तेल कोंडून धरणारी पानांची भिंत मोडते, हिरवा कच्चा वास जातो आणि खालचा जड वास वर येतो. लोक याला पाला आंबवणं म्हणतात. सासूबाई म्हणतात, "आम्ही त्याला फक्त झोपवतो." झोप जास्त झाली तर मात्र खेळ खलास. ढीग घामेजतो, बुरशी धरतो. म्हणून वेळेत फोडायचा, परत पसरायचा, परत वाळवायचा, आणि मगच भट्टीत. ढीग कधी फोडायचा हे त्या हात घालून ठरवतात. कोपरापर्यंत हात आत, चेहरा छपराकडे, आणि सगळी शेड गप्प.

आता माझ्या नवऱ्याबद्दल. तो सुतार आहे, आणि चांगला आहे, हे मी बायको म्हणून सांगत नाही. पण तो सुतार झाला त्यामागे एक दुखरी गोष्ट आहे. लहानपणी तो शेडमध्ये घुटमळायचा, पाला पालटायला बघायचा. त्याचं नाक कायम चोंदलेलं. एकदा त्याने कच्चा पाला ढिगात घातला आणि आईने सगळ्या बायकांसमोर म्हटलं, "ह्याला नाकच नाही. ह्याचं इथे काही काम नाही." त्या रागात बोलल्या आणि विसरल्या. तो विसरला नाही. तो करवत घेऊन बसला आणि पुन्हा शेडमध्ये फारसा फिरकला नाही. कोणी विचारलं तर हसत सांगायचा, "मला नाकच नाही ना."

तर झालं असं की सासूबाईंचे गुडघे धरायला लागले. नदीवरचा वारा शेडच्या पश्चिमेच्या फळ्यांमधून सरळ आत यायचा, आणि त्या नेमक्या तिथेच खुर्ची टाकून बसायच्या. संध्याकाळी घरी आल्या की उंबऱ्याशी थांबून दाराला धरायच्या. नवऱ्याने ते पाहिलं. एके दिवशी फळ्या, खिळे आणि हातोडी घेऊन गेला आणि पश्चिमेच्या सगळ्या फटी बुजवून टाकल्या. काम असं की सुईसुद्धा शिरू नये. वरून रंधा मारून गुळगुळीत केलं. घरी आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मला त्याची गंमत वाटली. "आईला आता वारा लागणार नाही," तो म्हणाला. "शेडसाठी मी पहिल्यांदाच काही केलं."

सासूबाईंनी फळ्यांवरून हात फिरवला आणि बायकांना ओरडून सांगितलं, "बघा गं, माझ्या मुलाचं काम."

त्यानंतर जे तेल आलं ते आमच्या कंपनीने परत पाठवलं. ते परत पाठवण्याचं काम माझ्याच टेबलावर झालं. कागदाच्या पट्टीवर थेंब टाकून मी हुंगलं आणि पुन्हा हुंगलं. बंद पेटीत विसरलेल्या ओल्या टॉवेलचा वास. मी पट्टी आमच्या साहेबांकडे नेली. मनात म्हटलं, कदाचित मलाच गोड वासांची सवय लागली असेल. साहेबांनी एकदाच हुंगलं.

"ही माती नाही," ते म्हणाले. "ही बुरशी आहे."

इथे थोडं थांबून सांगायला हवं, नाहीतर पुढचं भांडण कळणार नाही. लोक मला विचारतात की एका परफ्यूममध्ये पॅचुली मातीसारखी येते आणि दुसऱ्यात चॉकलेटसारखी गोड, ती दोन वेगळी झाडं का? नाही. झाड तेच, पाला तोच. तेल भट्टीतून निघतं तेव्हा आधी हलका, कापरासारखा टोचणारा भाग येतो, आणि तास उलटतील तसा जड, खोल भाग. लोखंडी भट्टीत काढलं तर तेल काळपट होतं, चकचकीत स्टीलच्या भट्टीत फिकं. ताजं तेल जरा कर्कश असतं, आणि ठेवून दिलं की मऊ होतं, गोडसर होतं. मातीचा वास हवा असेल तर आम्ही अख्खं काळं तेल घेतो आणि सोबत झाडावरच्या दगडफुलाचा अर्क घालतो. गोड हवं असेल तर तेल पुन्हा गाळून, टोचणारं आणि कुबट ते बाजूला काढून, मधला गोल भाग घेतो आणि त्याला व्हॅनिला वगैरे सोबत देतो. दोन्हीकडे पॅचुलीच. पण दोन्हीसाठी पाला निरोगी हवा. बुरशीचा वास एकदा तेलात शिरला की ना गाळून जातो, ना ठेवून.

भट्टीवाले काका रागावणाऱ्यांतले नाहीत, पण या वेळी त्यांचा आवाज चढला. त्यांनी सासूबाईंना सांगितलं की पुढचंही तेल परत आलं तर पाला गरम हवेच्या खोलीत वाळवायला पाठवणार. तिथे ढीग नाही, पालटणं नाही, बटण दाबायचं. आणि शेड बंद. सासूबाई शेडमध्ये नसतील तर त्या कुठे असतील, ते माझ्या डोळ्यांसमोर येईना. घरात बसलेल्या सासूबाई ही कल्पना मला त्यांच्यापेक्षा स्वतःसाठी जास्त भयंकर वाटली, हेही खरं.

आणि त्या? त्या रोज जेवताना आमच्या कंपनीचा उद्धार करायच्या. "साखर खाऊन खाऊन नाकं बिघडली तुमची. माती कळेना झालीय. तुम्हाला सगळ्यात बिस्किटंच हवीत." त्या इतक्या मोठ्याने बोलायच्या की मी चार दिवस ऐकून घेतलं आणि पाचव्या दिवशी ताट सरकवलं.

"आई, ती माती नव्हती. तुम्हालाही ठाऊक आहे."

त्या गप्प झाल्या. सासूबाई गप्प होणं ही आमच्या घरात बातमी असते. नवरा वाटीत बघत बसला. मी दुसऱ्याच दिवशी रजा टाकली आणि शेडवर गेले.

आत पाऊल टाकताच कळलं. हवा जागच्या जागी उभी होती. मांडण्यांवरचा पाला लोंबला होता पण ओला वाटत होता, आणि ढीग मात्र लावलेला होता. पाणी पुरतं न उडालेला पाला ढिगात गेला की काय होतं ते मला सासूबाईंनीच शिकवलं होतं. मी बाही वर करून हात घातला. आत नको इतकं गरम, चिकट. हात बाहेर काढला तर पानावर पांढरी जाळी.

बायका माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांना सगळं माहीत होतं, हे उघड होतं. मी पश्चिमेकडच्या फळ्यांकडे गेले. खाली, सासूबाईंच्या खुर्चीच्या मागे, एक गोणपाट खिळ्याला टांगलेलं होतं. वारा नसलेल्या शेडमध्ये ते गोणपाट फुगत होतं, खाली बसत होतं, परत फुगत होतं.

मी ते बाजूला केलं. मागच्या फळीचे खालचे खिळे उपसलेले होते आणि फळी पाचर मारून सैल ठेवलेली होती. बोटभर फट. तिच्यातून नदीचा वारा येत होता, नेमका जिथे त्यांचे गुडघे असतात तिथे.

"ठेव ते जागेवर," मागून आवाज आला.

मी वळले. सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं," मी म्हटलं.

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीत? शेड जाईल, आई. काका खरंच बंद करतील."

"मला काय कळत नाही?" त्या खुर्चीत बसल्या, गोणपाट परत नीट लावलं. "बाहेरच्यांना शिव्या घालत राहिले की निदान त्याच्या कानावर फळ्यांचं नाव यायचं नाही. एकदा त्याला इथून हाकललं मी. सगळ्यांसमोर. आता तो स्वतःच्या हाताने काही करून आला, आणि मी परत म्हणू, की तुझ्यामुळे पाला नासला? एवढीशी फट मी काढलीय. बायका जास्त वेळा पालटतात. होईल."

"होत नाहीये."

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. आणि लगेच माझ्यावर बोट रोखून, "तू सांगायचं नाहीस. सांगितलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही."

मला खरंच वाईट वाटलं, आणि रागही आला. दोघंही एकमेकांना जपत होते आणि मधल्या मध्ये पाला मरत होता. सांगायचं नाही हे मी कबूल केलं. पण दाखवायचं नाही असं कुठे ठरलं होतं?

घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, "उद्या माझ्यासोबत शेडवर चल. एक बाई येणार नाही, ढीग फोडायला हात कमी आहेत."

"मी? मला नाकच नाही."

"नाक मी आणते. तू हात आण."

तो आला. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की भट्टीची गरज पडू नये. मी नजर चुकवली आणि त्याला ढिगाशी उभं केलं. त्याने बाह्या सरसावल्या, हात आत घातला, आणि तिथेच थांबला. सुताराचे हात. ओलं लाकूड आणि वाळलेलं लाकूड बोटांनी ओळखणारे. त्याने मूठभर पाला बाहेर काढला, उजेडात धरला, ती पांढरी जाळी अंगठ्याने पुसली. मग मांडणीवरचा पाला दाबून पाहिला. मग वर छपराकडे पाहिलं, आणि मग सावकाश मान वळवून पश्चिमेकडच्या स्वतःच्या फळ्यांकडे.

तो चालत गेला, गोणपाटासमोर उभा राहिला. ते फुगलं, बसलं. त्याने ते वर केलं, पाचर पाहिली, खिळ्यांची भोकं पाहिली.

"हे कोणी केलं?" त्याने विचारलं.

"मी," सासूबाई म्हणाल्या. "उंदीर जात होता."

तो हसला. पण डोळे भरले होते त्याचे, आणि माझेही. तो आईच्या खुर्चीशी उकिडवा बसला. "ओल्या लाकडालासुद्धा वारा लागतो गं," तो म्हणाला. "हे मला कळायला हवं होतं. तू सांगायचंस की."

"तू किती छान रंधा मारला होतास," त्या म्हणाल्या.

दुपारपर्यंत सगळ्या फळ्या खाली. मात्र त्याने त्या टाकल्या नाहीत. त्या चिरून त्याने आडव्या पट्ट्या केल्या, प्रत्येक पट्टी मधोमध खुंटीवर फिरणारी, आणि सगळ्या एका काठीला जोडलेल्या. काठी ओढली की उघड, ढकलली की बंद. खुर्चीच्या मागे मात्र गुडघ्याइतकी पक्की भिंत, आतून लोकरीचा जाड नमदा लावलेली. काठी त्याने आईच्या हाताशी आणून दिली. त्या दिवशी सासूबाईंनी ती काठी इतक्या वेळा ओढली आणि ढकलली की शेवटी भट्टीवाले काका म्हणाले, "अहो, मोडेल."

नासलेला ढीग खताला गेला. काकांनी ते हळहळत पाहिलं, पण अडवलं नाही. नवा पाला आला. पसरला, पालटला, लोंबला, आणि या वेळी पाणी उडाल्यावरच ढिगात गेला. ढीग फोडला तेव्हा मी तिथे होते. आतून जो वास आला तो नांगरलेल्या जमिनीचा, जुन्या कपाटाचा, थोडा गोडसुद्धा. ओल्या टॉवेलचा वास कुठेच नव्हता. भट्टी पेटली, काकांनी जड भाग पुरता येईपर्यंत वाफ बंद केली नाही, आणि तेल आमच्या टेबलावर आलं.

मी ते स्वतः तपासलं नाही. घरचा मामला म्हणून पट्टी सरळ साहेबांना दिली आणि दाराबाहेर उभी राहिले. जाणूनबुजून खिडकीतून बाहेर बघत होते. साहेबांनी बराच वेळ घेतला. मग म्हणाले, "ही घ्या. दोन्हीकडे चालेल. मातीलाही आणि गोडालाही." शेड वाचली. मी फोनवर सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "त्यात काय," आणि फोन ठेवला. मागून बायकांचा गलका मात्र मी ऐकला.

तेल मुरल्यावर त्यातूनच आमचं पुढचं गोड परफ्यूम झालं. सुट्टीच्या दिवशी सकाळी मी ते मनगटावर लावलं आणि सासूबाईंसमोर हात धरला. "घ्या. तुमचाच पाला."

त्यांनी हुंगलं. "बेकरी," त्या म्हणाल्या.

मी या वेळी चिडले नाही. "संध्याकाळी परत मागा," मी म्हटलं. "हात धुणार नाही मी." दिवसभर एका हाताने घरकाम केलं, त्याबद्दलही त्यांनी टोमणे मारलेच.

दिवे लागायच्या वेळेला त्यांनी आठवणीने मनगट मागितलं. वरचं गोड सगळं तोवर उडून गेलं होतं. पॅचुली सगळ्यात शेवटपर्यंत टिकते, ती सगळ्यांच्या खाली असते म्हणून. त्यांनी नाक टेकवलं आणि डोळे मिटले. कितीतरी वेळ त्या तशाच राहिल्या. "आता आली," त्या म्हणाल्या. "खाली बसून होती तर."

नवरा शेजारीच रंध्याचं पातं घासत बसला होता. सुट्टी, म्हणून दिवसभर करवत चालवली नव्हती, नाकात भुसा नव्हता. सासूबाईंनी माझा हात तसाच धरून त्याच्या नाकापुढे नेला, आणि मला कळेना की त्या असं का करतायत. तोही गोंधळला.

"मला काय कळणार," तो म्हणाला.

"बघ तरी."

त्याने हुंगलं. भुवया जवळ आल्या. पुन्हा हुंगलं. "लाकूड आहे," तो म्हणाला. "जुनं, चांगलं मुरलेलं लाकूड पहिल्यांदा कापलं की आतून येतो ना वास, तसा. आणि खाली जरा ओलसर, पण कुजका नाही. वारा लागलेला."

मी टेबलावर इतकी वर्षं काढली, पण पॅचुलीचं याहून नेमकं वर्णन माझ्या हातून झालेलं नाही. मी तसं बोलले असते, पण सासूबाईंचा चेहरा पाहून थांबले. त्या त्याच्याकडे बघत होत्या, आणि त्यांना काय आठवत होतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"नाक आहे की तुला," त्या हळूच म्हणाल्या. "मी चुकले होते रे."

त्याने हातातलं पातं खाली ठेवलं, परत उचललं. सासूबाई भिंतीला धरून उठल्या, आत जाता जाता दाराशी थांबल्या, आणि नेहमीच्या शेडमधल्या आवाजात म्हणाल्या, "उद्या ढीग फोडायचाय. सकाळी लवकर ये. हात माझ्या आधी तू घालायचास."